गलका, शांतता आणि समालोचकाचा सूर: सामन्यातले क्षण आम्ही आवाजावरून कसे निवडतो

एकदिवसीय सामन्याचे पूर्ण रेकॉर्डिंग सात-आठ तासांचे असते. त्यातले कामाचे क्षण शोधताना आम्ही आधी आवाज तपासतो, चित्र नंतर. आवाजात दोन साक्षीदार असतात, प्रेक्षक आणि समालोचक, आणि ते वेगळे करता आले तरच निवड नीट होते. म्हणून पहिली विनंती: फाइल पाठवण्यापूर्वी आवाज मोनो करू नका.

याचे कारण साधे आहे. स्टिरिओ प्रक्षेपणात समालोचकाचा आवाज बहुतेक वेळा मधोमध, म्हणजे डाव्या आणि उजव्या बाजूला सारखाच असतो. मैदानावरचा गलका मात्र दोन्हीकडे थोडा वेगळा असतो. डाव्यातून उजवा वजा केला की समालोचक बराचसा पुसला जातो आणि प्रेक्षक उरतात. दोन्हींची बेरीज केली की समालोचक पुढे येतो.

```
ffmpeg -i match.mp4 -vn -af "pan=mono|c0=0.5*c0-0.5*c1" -ar 16000 crowd.wav
ffmpeg -i match.mp4 -vn -af "pan=mono|c0=0.5*c0+0.5*c1" -ar 16000 voice.wav
```

पहिली फाइल ऐकून बघा. जवळजवळ काहीच ऐकू आले नाही, तर मूळ रेकॉर्डिंगच मोनो आहे. समालोचक अजून स्वच्छ ऐकू येत असेल, तर दोन बाजूंची पातळी कमी-जास्त आहे. ती आम्ही जुळवून घेतो. ५.१ आवाजाची फाइल असेल तर ती तशीच द्या. त्यात समालोचन सहसा मधल्या वाहिनीत असते आणि वजाबाकीची गरजच उरत नाही.

गलक्याची पातळी आम्ही दर सेकंदाला मोजतो आणि तिची तुलना आधीच्या पाच मिनिटांच्या मध्यकाशी करतो. संपूर्ण सामन्यासाठी एकच मर्यादा चालत नाही: सकाळी अर्धे रिकामे असलेले स्टेडियम शेवटच्या पाच षटकांत नुसते कुजबुजले तरी सकाळच्या जल्लोषाहून मोठे असते. समालोचकाची पट्टीही अशीच त्याच्या स्वतःच्या नेहमीच्या पट्टीशी ताडून बघतो. ती मूळ पट्टीच्या एक-तृतीयांशाने वर गेली, म्हणजे साधारण सा वरून शुद्ध मध्यमावर पोचली, की खूण करतो.

एक उदाहरण घेऊ. गलक्याची नेहमीची पातळी उणे ३८ डेसिबल आहे आणि समालोचक १४० हर्ट्झच्या आसपास बोलतो आहे. षटकार बसतो: दोन सेकंदांत गलका उणे २९ वर जातो, समालोचक २३० वर. दोन्ही आलेख एकदम उसळतात, शंकेला जागा नाही. पुढच्या षटकात यजमान संघाचा तोच फलंदाज त्रिफळाचीत होतो. गलका चढण्याऐवजी उणे ४३ वर पडतो, पण समालोचक २१० वर, म्हणजे सा वरून थेट पंचमावर गेलेला असतो. नुसता गलका मोजणाऱ्याच्या हातून सामन्यातली सर्वांत मोठी विकेट निसटते ती इथे. म्हणून गलका एकदम खाली जाणे हीसुद्धा आमच्याकडे खूणच आहे, मात्र सूर त्याच वेळी चढलेला असेल तरच.

खूण सापडली तरी क्लिप तिथून सुरू करता येत नाही. गलका चढतो तोवर चेंडू सीमारेषेजवळ पोचलेला असतो, आणि वेगवान गोलंदाजाची धावही दिसायला हवी. आम्ही खुणेच्या १२ सेकंद आधीपासून ८ सेकंद नंतरपर्यंत कापतो. पुढच्या ४० सेकंदांत दुसरी खूण आली तर ती बहुधा रिप्लेवरची असते. ती पहिलीतच मिळवतो.

फसगत कुठे होते तेही सांगतो. माइक दुसऱ्याच्या हाती गेला की पट्टी १२० वरून २०० वर उडी मारू शकते. पण उत्साहाचा सूर दहा-पंधरा सेकंदांत खाली येतो, नव्या माणसाचा तिथेच राहतो. गलका फारच मोठा झाला तर पट्टी मोजणारा प्रोग्राम चुकून दुप्पट आकडा देतो. सूर अचानक बरोबर एक सप्तक वर गेला की आम्ही तो मानत नाही. जाहिराती आणि मैदानावरची गाणी वजाबाकीतूनही शिल्लक राहतात, मात्र त्यांची पातळी एकाच उंचीवर टिकते. जल्लोष चढतो आणि ओसरतो.

तिसऱ्या पंचांकडे गेलेला निर्णय आवाजावरून पूर्ण पकडता येत नाही. गलका होतो तो पडद्यावर निकाल झळकल्यावर, चेंडू टाकल्यानंतर दोन-तीन मिनिटांनी, आणि २० सेकंदांच्या क्लिपमध्ये चेंडूच नसतो. अशा क्लिपची सुरुवात आम्ही हाताने मागे नेतो. तुमच्याकडे धावफलकाची चेंडूनिहाय नोंद असेल तर ती फाइलसोबत जोडा.