स्कीमचा क्लेम वहीत कधी घ्यायचा?

"कंपनीच्या स्कीममध्ये दिलेला डिस्काउंट दुकानदाराचा तोटाच, क्लेमचे पैसे बँकेत येतील तेव्हा उत्पन्न धरा."

तसं नाही. म्हापशातल्या एखाद्या भांड्यांच्या दुकानाचं बघा, पाडव्याची स्कीम ३१ मार्चपर्यंत, मिक्सरमागे ५०० रुपये कंपनी भरून देणार. मिक्सरची किंमत ५०००, खरेदी ४३०० (जीएसटी बाजूला ठेवूया). स्कीमच्या दिवसांत १० विकले तर गिऱ्हाईकांकडून ४५,००० आले आणि त्याच विक्रीमुळे कंपनीकडून ५,००० येणं झालं, ते 'स्कीम क्लेम येणे' या खात्यात त्याच दिवशी नावे टाकायचे. ४३,००० खरेदी वजा जाता नफा ७,०००. क्लेम लिहिलाच नाही तर मार्चअखेर फक्त २,००० दिसतो आणि उरलेला पुढच्या वर्षात जातो, म्हणजे दोन्ही वर्षांचे आकडे चुकतात.

आणि बऱ्याचदा पैसे बँकेत येतच नाहीत हो, कंपनी क्रेडिट नोट देते आणि ती पुढच्या खरेदी बिलातून वजा होते, त्यामुळे बँकेकडे बघत बसलेल्याला क्लेम मिटलेला कळतच नाही.

मात्र लिहायचा तो स्कीमच्या लेखी पत्रात बसणाराच. १ एप्रिलला ४५०० ला विकलेल्या मिक्सरचे ५०० आपल्याच खिशातले. तपासायचं तर बिल नंबर आणि मिक्सरचा सीरियल नंबर यांची यादी क्रेडिट नोटशी जुळवा, नामंजूर झालेली रक्कम येणे खात्यात न ठेवता खर्चात टाका.