कंटेंट लॉकर

मोफत म्हणून दाखवलेली फाइल हाती देण्याआधी वाचकाकडून तिच्याशी संबंध नसलेले एखादे काम करून घेणारा वेबपानावरचा अडसर. सर्वेक्षण भरा, कुठेतरी नोंदणी करा, एखादे अॅप उतरवा किंवा हा दुवा दहा जणांना पाठवा, अशी ती कामे असतात. पडद्यावर मात्र ‘लॉकर’ हा शब्द सहसा दिसत नाही. तिथे ‘Human Verification’, ‘Unlock Download’ किंवा ‘Last Step’ असे लिहिलेले असते. लॉकर हा शब्द असे अडसर पुरवणाऱ्या जाहिरात-जाळ्यांच्या आणि ते पानावर बसवणाऱ्यांच्या बोलण्यातला.

लॉकर ओळखायचा तर त्यातला पैसा कसा फिरतो हे आधी समजून घ्यावे लागते. जाहिरातदाराला अॅपची स्थापना, फोन नंबर किंवा भरलेला अर्ज हवा असतो आणि अशा प्रत्येक पूर्ण झालेल्या कामामागे तो ठरलेली रक्कम देतो. मध्ये एक जाहिरात-जाळे असते. पानाचा मालक त्या जाळ्याकडे खाते उघडतो, जावास्क्रिप्टच्या चार ओळी आपल्या पानात चिकटवतो आणि डाउनलोडचे बटण त्यांना जोडतो. वाचकाने बटण दाबले की जाळे त्याचा देश आणि फोन पाहून त्याला साजेशी दोन-चार कामे पुढे करते आणि त्या भेटीला एक क्रमांक देते. काम पूर्ण झाले की जाहिरातदाराचा सर्व्हर तो क्रमांक जाळ्याला परत कळवतो, मालकाच्या खात्यात पैसे जमा होतात आणि कुलूप उघडण्याचा इशारा पानाला मिळतो.

या साखळीत फाइल कुठेच येत नाही. जाळे फक्त कामे मोजते. कुलपामागे खरी फाइल आहे, रिकामे पान आहे की आणखी एक कुलूप आहे, याच्याशी पैशाचा काही संबंध नसतो. फाइल मिळवणे, साठवणे आणि ताजी ठेवणे याला खर्च लागतो, तिचे नुसते नाव लिहायला काही लागत नाही. म्हणून अशा पानांवर हजारो फाइलींची नावे सापडतात आणि त्यांतल्या बहुतेकांमागे काहीच नसते. देशानुसार कामाचा भाव बदलतो, हेही ध्यानात ठेवावे. अमेरिकेतल्या वाचकामागे जास्त पैसे मिळतात, भारतातल्यामागे कमी. तेच पान उघडल्यावर न्यू जर्सीतल्या भाच्याला गिफ्ट कार्डाचे सर्वेक्षण दिसते आणि नाशिकच्या मामाला अॅप उतरवायला सांगितले जाते, ते यामुळे.

एक नमुना पाहू. दहावीच्या मुलाला ‘गणित भाग 1’ची पीडीएफ हवी आहे. शोधयंत्रात त्याला एक पान सापडते. वर पुस्तकाचे मुखपृष्ठ, खाली मोठे हिरवे बटण आणि त्याखाली ‘मिळाले, धन्यवाद’ म्हणणाऱ्या सात-आठ प्रतिक्रिया. बटण दाबल्यावर एक पट्टी भरत जाते, ‘फाइल तयार होत आहे’ असे येते आणि 98 टक्क्यांवर ती थांबते. मग चौकट उघडते: आपण यंत्र नाही हे सिद्ध करण्यासाठी खालीलपैकी दोन कामे करा.

इथे पहिली गोष्ट तपासायची ती बटणाची. संगणकावर माउस बटणावर नेला की ब्राउझरच्या तळाशी दुव्याचा पत्ता दिसतो. फोनवर बटण दाबून धरले तर तो दिसू शकतो. खऱ्या फाइलीच्या दुव्याचा शेवट बहुधा `.pdf` असा असतो, निदान तो कुठेतरी नेतो तरी. लॉकर लावलेल्या बटणामागे मात्र अनेकदा असे काही असते:

```html
<a href="#" onclick="openLocker()">डाउनलोड</a>
```

`#` म्हणजे हेच पान. हे बटण फाइलीकडे जात नाही, फक्त चौकट उघडते. एवढ्यावरून मात्र निकाल देऊ नये, कारण काही प्रामाणिक संकेतस्थळेही जावास्क्रिप्टने फाइल देतात. दुसरी खूण त्या भरणाऱ्या पट्टीची. पान पुन्हा उघडून बटण दाबावे. पट्टी पुन्हा तेवढ्याच वेळात तेवढ्याच टक्क्यांवर येऊन थांबली, तर ती कशाचीही प्रगती दाखवत नाही. ती आधीच ठरवून ठेवलेली चित्रफीतच समजावी. पंचवीस-तीस एमबीचे पुस्तक खरोखर उतरत असते, तर नेटच्या वेगाप्रमाणे वेळ थोडाफार बदलला असता. खेळांतली नाणी फुकट देणाऱ्या तथाकथित ‘जनरेटर’ पानांवर हीच परीक्षा आणखी सोपी होते. वापरकर्त्याचे नाव म्हणून अक्षरांचा निव्वळ गोंधळ टाइप करावा. ‘खाते सापडले’ असे उत्तर आले की पुढचे काही पाहायची गरज उरत नाही.

तिसरा प्रश्न बहुतेक वेळा पहिले दोन अनावश्यक करून टाकतो: ही फाइल मुळात कोणाची आहे आणि मालक ती कशी देतो? महाराष्ट्र राज्याची पाठ्यपुस्तके पुण्याचे पाठ्यपुस्तक मंडळ, म्हणजे बालभारती, काढते आणि त्यांच्या पीडीएफ `ebalbharati.in` वर मोफत ठेवते. जे मालक स्वतः फुकट देतो, त्यासाठी तिऱ्हाइताने सर्वेक्षण मागण्याचे कारणच नाही. जे मालक पैसे घेऊन विकतो, ते तिऱ्हाईत फुकट देत असेल तर त्याच्याकडे द्यायचा हक्क नाही, आणि बहुधा वस्तूही नाही. पत्ता मात्र नीट वाचावा. `ebalbharati.in.pdf-free.example` असा पत्ता बालभारतीचा नसतो. पहिल्या एकेरी तिरप्या रेघेच्या आधी शेवटी जे नाव येते, संकेतस्थळ त्या नावाच्या मालकाचे. डावीकडे कुणाचेही नाव लिहिता येते.

‘शेअर करा आणि उघडा’ हा प्रकार भारतात मुख्यतः व्हॉट्सअॅपवर चालतो, आणि त्यातली लबाडी घरबसल्या सिद्ध करता येते. पानावरचे बटण फक्त एक दुवा उघडते:

```
https://wa.me/?text=...
```

या दुव्याने व्हॉट्सअॅप उघडते आणि मजकूर तयार होऊन समोर येतो. त्यानंतर तो कोणाला पाठवला, पाठवला की नाही, हे व्हॉट्सअॅप त्या पानाला कळवत नाही. पान मोजते ते फक्त बटणावरचे टिचके. एकालाही न पाठवता मागे फिरून बटण पुन्हा दाबले, तरी ‘3/10 पूर्ण’ हा आकडा पुढे सरकतो. दहाही भरले की बहुतेक वेळा अॅप उतरवायची चौकट पुढे येते. म्हणजे शेअर करणे ही किल्ली नसते. पानाचा फुकट प्रचार व्हावा, एवढ्यासाठीच ते मागितलेले असते. कुटुंबाच्या ग्रुपवर काकांनी किंवा मावशीने पाठवलेला दुवा लोक विश्वासाने उघडतात, आणि पानाच्या मालकाला नेमका तोच विश्वास हवा असतो. फेसबुकवर पूर्वी पानाला ‘लाइक’ केल्याशिवाय मजकूर न दाखवण्याची पद्धत होती. कंपनीने 2014 मध्ये अॅप बनवणाऱ्यांना तशी सक्ती करण्यास मनाई केली.

एक जात थोडी फसवी आहे. इथे फाइल खरोखर उतरते, पण ती पासवर्ड लावलेली `.zip` किंवा `.rar` असते. सोबतच्या `password.txt` मध्ये पासवर्डसाठी एका दुव्यावर जाऊन सर्वेक्षण भरायला सांगितलेले असते. कुलूप पानावरून फाइलीवर हलले, इतकाच फरक. पासवर्ड असल्यामुळे विषाणुरोधकाला आत डोकावता येत नाही, म्हणून ही जात जास्त धोक्याची. तरी साध्या `.zip` मधल्या फाइलींची नावे आणि आकार पासवर्डाशिवायही दिसतात. पुस्तक म्हणवणाऱ्या संचात `.exe` किंवा `.apk` दिसले, किंवा दोन जीबीच्या सॉफ्टवेअरचा सगळा संच चार एमबीत बसलेला दिसला, तर तो उघडायच्या भानगडीत पडू नये.

सर्वेक्षण टाळून फाइल मिळवून देणारे ‘बायपास’ही नेटवर भरपूर आहेत. त्यांच्यावर वेळ घालवू नये. काही जुन्या, कच्च्या लॉकरांत फाइल पानातच लपवलेली असे आणि वरची चौकट काढली की ती दिसे. पण दुवा सर्व्हरवर असेल तर चौकट काढून मागे नुसता पांढरा कागद मिळतो. शिवाय बायपासचे साधन म्हणून मिळणारा ब्राउझरचा विस्तार किंवा प्रोग्राम कधीकधी स्वतःच लॉकरमागे असतो, यातला विनोद त्याच्या कर्त्यांना कळत असावा.

नाव-पत्ता मागणारे प्रत्येक पान मात्र या वर्गात टाकणे अन्यायाचे होईल. डिजिलॉकरमध्ये नोंदणी लागते, कारण तिथली कागदपत्रे त्या-त्या व्यक्तीची असतात. एखादी संस्था अहवाल देताना ईमेल मागते आणि पुढे वार्तापत्र पाठवते. सौदा आवडो न आवडो, तो उघड असतो. फरक असा की प्रामाणिक ठिकाणी फाइलीचे नाव, आकार आणि देणारा कोण हे मागणीच्या आधी कळते, मागणी एकदाच होते आणि माहिती त्याच संस्थेकडे जाते. लॉकरमध्ये मागणी मागाहून येते, एक पूर्ण झाली की दुसरी उगवते आणि अर्ज भरायचा तो तिसऱ्याच नावाच्या पानावर.

भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2023 च्या नोव्हेंबरमध्ये ग्राहकाला भुलवणाऱ्या 13 रचनांची यादी जाहीर केली. तिच्यात ‘सक्तीची कृती’ आहे: हवी ती वस्तू घेण्यासाठी संबंध नसलेल्या सेवेची नोंदणी करायला किंवा गरज नसलेली माहिती द्यायला लावणे. वर्णन लॉकरला चपखल लागू पडते. उपयोग थोडा, कारण नियम पाळायला लावायचा तर आधी मालक सापडावा लागतो आणि ही पाने महिन्या-पंधरवड्यात नाव बदलतात.

काम करून बसलेल्याने काय करायचे ते कोणते काम केले यावर ठरते. अॅप उतरवले असेल तर ते काढावे, पण त्याआधी सेटिंग्जमध्ये त्याला ‘डिव्हाइस अॅडमिन’ किंवा ‘अॅक्सेसिबिलिटी’चा अधिकार दिला गेला आहे का ते पाहून तो बंद करावा, नाहीतर अॅप निघत नाही. पानाने सूचना पाठवायची परवानगी मागितल्यावर ‘Allow’ दाबले असेल तर क्रोमच्या साइट सेटिंग्जमध्ये ‘Notifications’ उघडून त्या पत्त्याची परवानगी काढावी. फोनवर रोज येणाऱ्या ‘तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहे’ छापाच्या सूचना पुष्कळदा विषाणूमुळे नसून या परवानगीमुळे येतात. फोन नंबर आणि त्यावर आलेला ओटीपी दिला असेल तर मोबाइल कंपनीच्या अॅपमध्ये कोणती सशुल्क सेवा चालू झाली आहे का ते पाहून ती बंद करावी. कार्ड किंवा यूपीआयमधून पैसे गेले असतील तर बँकेला कळवून 1930 या क्रमांकावर किंवा `cybercrime.gov.in` वर लगेच तक्रार नोंदवावी. रक्कम पुढच्या खात्यात वळण्याआधी ती अडवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त असते.