फोटोतल्या पानातून कलमांचा तक्ता

निपाणीतल्या एखाद्या विद्यार्थ्याकडे भारतीय दंड संहितेचं जुनं मराठी पुस्तक आहे असं धरू. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तरी त्याआधी घडलेल्या गुन्ह्यांचे खटले अजून जुन्या कलमांवरच चालतात. त्यामुळे पुस्तक टाकून देता येत नाही. चोरीच्या पानांचे फोटो काढून तक्ता करायचा, तर पहिली पायरी म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणं. टेसेरॅक्ट हा मोफत प्रोग्रॅम ते करतो:

```
tesseract pan214.jpg pan214 -l mar --psm 4
```

जाड पुस्तकाच्या शिवणीजवळ ओळी वाकतात, शिरोरेषा तुटते आणि तिथली अक्षरं बिघडतात. पान सपाट दाबून, दिवसाच्या उजेडात, वरून सरळ फोटो घेतला की बरंच काम होतं. अक्षर चुकलं तर वाचताना लगेच खटकतं. आकडा चुकला तर खटकत नाही. ३७९ मधला ९ पुसट असला की ३७१ उमटतं. ३७९ म्हणजे चोरीची शिक्षा, ३७१ म्हणजे गुलामांचा सराईत व्यापार! दोन्ही कलमं खरीच असल्यामुळे प्रोग्रॅमला शंकाही येत नाही. पण पुस्तकात कलमं चढत्या क्रमाने येतात, म्हणून ३७८ नंतर ३७१ दिसलं की मूळ फोटो उघडायचा.

खरी मेहनत पुढे आहे. चोरीची व्याख्या ३७८ मध्ये, शिक्षा ३७९ मध्ये, आणि मधे स्पष्टीकरणं नि सोळा उदाहरणं. म्हणून ओळ कलमागणिक न करता गुन्ह्यागणिक करावी. घटक तर पुस्तकात बहुधा एकाच लांबलचक वाक्यात गुंफलेले असतात. वाक्याचा एकेक तुकडा झाकून बघायचं: हा नसता तरी चोरी झाली असती का? नसती, तर तो घटक.

| कलम | गुन्हा | घटक | शिक्षा |
|---|---|---|---|
| ३७८, ३७९ | चोरी | अप्रामाणिक उद्देश, जंगम मालमत्ता, दुसऱ्याचा ताबा, संमती नाही, वस्तू हलवणे | ३ वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही |

इथे ‘ताबा’च्या जागी ‘मालकी’ लिहिण्याची चूक फार होते. ती पकडायला पुस्तकातलंच उदाहरण लावून पाहावं. दुरुस्तीचे पैसे थकलेत म्हणून दुकानदाराने घड्याळ हक्काने अडकवून ठेवलंय. मालकाने त्याचं हे तारण बुडवायच्या अप्रामाणिक हेतूने ते गुपचूप उचललं. घड्याळ स्वतःचं, तरी ही चोरीच! उभ्या उसाचंही तसंच: जमिनीत रुजलेला ऊस जंगम नाही, तोडला की जंगम होतो.

शिक्षेच्या रकान्यात ‘किंवा’ आणि ‘आणि’ नीट तपासावेत. पुढच्याच ३८० मध्ये, घरातल्या चोरीला, ७ वर्षांपर्यंत कैद आणि शिवाय दंड आहे. नव्या संहितेत व्याख्या ३०३(१) मध्ये, शिक्षा ३०३(२) मध्ये. तिथे मात्र एका ओळीत भागत नाही: नेहमीच्या शिक्षेखेरीज, दुसऱ्यांदा दोषी ठरल्यास १ ते ५ वर्षं सक्तमजुरी आणि दंड, ५००० रुपयांपेक्षा कमी किमतीची पहिलीच चोरी असेल आणि माल किंवा त्याची किंमत परत केली, तर समाजसेवा. अटीसकट तीन वेगळ्या ओळी कराव्या लागतात.