अर्ध्या मज्जारज्जूचा छेद: वेदना पलीकडे का जाते, हे कसं कळलं

न्यूरोअ‍ॅनाटॉमीच्या पेपरात एक प्रश्न हटकून येतो. पाठीत सुरा लागलेला रुग्ण, एक पाय लुळा, दुसऱ्या पायाला टाचणी टोचलेली कळत नाही. जखम कोणत्या बाजूला, कोणत्या पातळीवर? बहुतेक विद्यार्थी एक वाक्य पाठ करून येतात: हालचाल आणि कंपनाची जाणीव त्याच बाजूची जाते, वेदना आणि तापमान विरुद्ध बाजूचं. वाक्य बरोबर आहे. पण ते नुसतं पाठ असलं की पातळी विचारल्यावर चूक होते, आणि स्पर्शाबद्दल विचारलं की गोंधळ होतो. हे वाक्य टप्प्याटप्प्याने कसं जमत गेलं, ते एकदा पाहिलं तर दोन्ही अडचणींचं मूळ सापडतं.

मज्जारज्जू कापून पाहण्याची पद्धत फार जुनी आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात गॅलेनने प्राण्यांवर हे प्रयोग केले होते. रज्जू आडवा पूर्ण कापला की खालचं सगळं शरीर निकामी होतं, अर्धाच कापला की त्याच बाजूचं लुळं पडतं, आणि मधोमध उभा चिरला तर हालचाल जात नाही, हे त्याने नोंदवलं. हालचालीचं उत्तर त्यामुळे तेव्हाच हाती आलं होतं: मेंदूकडून येणारी आज्ञा रज्जूत ज्या बाजूने उतरते, त्याच बाजूच्या स्नायूंना मिळते. ती बाजू बदलते वर, मेड्युलाच्या तळाशी. पिरॅमिडमधल्या तंतूंची ही अदलाबदल मिस्तिकेल्ली आणि पूरफूर द्यु पेती यांनी १७०९ आणि १७१० साली वर्णन केली. अर्धांगवायू मेंदूच्या विरुद्ध बाजूला का होतो, याचं कारण तिथे सापडलं.

संवेदनेचं कोडं मात्र एकोणिसाव्या शतकापर्यंत सुटलं नाही. बेल आणि मॅजेन्डी यांच्या कामामुळे एवढं ठरलं होतं की मागच्या मुळातून संवेदना आत येते आणि पुढच्या मुळातून हालचालीची आज्ञा बाहेर पडते. त्यावरून एक सोपा निष्कर्ष काढला गेला: मागून आत येणारी संवेदना मागच्याच स्तंभातून, म्हणजे डॉर्सल कॉलममधून, वर जात असणार. १८४०च्या सुमारास पॅरिसमध्ये हे जवळपास गृहीतच धरलेलं होतं.

त्याला धक्का दिला शार्ल-एदुआर ब्राऊन-सेकार याने. मॉरिशसमध्ये १८१७ साली जन्मलेला हा माणूस, वडील अमेरिकन जहाजाचे कप्तान, आई फ्रेंच वंशाची. १८४६ साली पॅरिसमध्ये त्याने मज्जारज्जूवरच प्रबंध लिहिला. प्रयोग साधे होते, पण मांडणी अतिशय चोख. आधी त्याने फक्त मागचे स्तंभ कापले. प्रचलित मताप्रमाणे खालची संवेदना जायला हवी होती. ती गेली नाही. प्राणी चिमट्याला पूर्वीपेक्षा जास्त तीव्र प्रतिसाद देऊ लागला. मग त्याने रज्जूचा एकच अर्धा भाग आडवा कापला. कापलेल्या बाजूचा पाय लुळा पडला, पण त्या पायाला चिमटा काढला तर प्राणी विव्हळायचा. पलीकडच्या बाजूचा पाय हलत होता आणि त्याला चिमट्याची जाणीवच नव्हती.

इथे शंका घेणारा म्हणेल, हे धक्क्यामुळे झालं, खरी अदलाबदल कशावरून? त्यावरचा त्याचा प्रयोग मला सगळ्यात देखणा वाटतो. मागच्या पायांकडे जाणारा रज्जूचा फुगीर भाग त्याने मधोमध उभा चिरला, दोन्ही अर्ध्या भागांना शक्य तितका धक्का न लावता. प्राणी पाय हलवत होता, पण दोन्ही पायांची वेदना गेली. गॅलेनलाही अशा चिऱ्यात हालचाल टिकलेली दिसली होती. इथे संवेदनेचीही तपासणी झाली. मध्यरेषा ओलांडणारे तंतू असतील तरच असा चीर दोन्ही बाजूंची संवेदना एकदम घालवू शकतो. हे काम मान्य व्हायला वेळ लागला. १८५५ साली एका समितीने प्रयोग पुन्हा तपासले आणि पॉल ब्रोकाने अहवाल ब्राऊन-सेकारच्या बाजूने दिला.

मात्र या यशातच एक त्रुटी दडलेली होती, आणि आजच्या प्रश्नातला स्पर्शाचा गोंधळ तिथूनच सुरू होतो. चिमटा, टाचणी, जळजळ, यांना प्राणी काय प्रतिसाद देतो एवढंच प्रयोगकर्त्याला दिसतं. कापसाचा बोळा पायावर फिरवला तो कळला का, गुडघा वाकवला की सरळ केला, हे प्राणी सांगू शकत नाही. म्हणजे प्रयोगाने प्रश्न विचारला होता वेदनेचा, आणि ब्राऊन-सेकारने उत्तर वाचलं संवेदनेचं. त्याच्या मते स्पर्श, वेदना, तापमान, सगळंच रज्जूत शिरल्यावर लगेच पलीकडे जात होतं. फक्त स्नायूंची जाणीव, म्हणजे अवयव कुठे आहे हे कळणं, त्याच बाजूला राहतं, हे त्याला जखमी माणसांच्या नोंदींवरून पुढे मान्य करावं लागलं. माणूस बोलतो, म्हणून ही दुरुस्ती माणसाकडून आली.

मार्ग वेगळे करण्याचं दुसरं साधन शस्त्राचं नव्हतं, सूक्ष्मदर्शकाचं होतं. १८५० साली वॉलरने दाखवलं की तंतू त्याच्या पेशीपासून तुटला की तुटलेला भाग कुजतो. पुढच्याच वर्षी व्हिएन्नाच्या ट्युर्कने ही कल्पना मज्जारज्जूच्या आडव्या कापांवर लावली. मेंदूत इजा असेल तर विरुद्ध बाजूच्या पार्श्वस्तंभात कूज खाली उतरलेली दिसते. रज्जूत इजा असेल तर मागच्या स्तंभात कूज त्याच बाजूने वर चढते. कुजण्याची दिशा म्हणजे संदेशाची दिशा. हाच विचार आपण प्रश्न सोडवताना करतो, फक्त काप डोळ्यांसमोर नसतो.

तरीही मामला मिटला नव्हता. १८८९ साली एडिंगरने मागच्या शिंगातून निघून मध्यरेषा ओलांडणारे आणि पलीकडच्या पुढच्या-बाजूच्या भागात चढणारे तंतू दाखवले. पण १८९२ साली मॉटने माकडांवर अर्धछेद करून उलट निष्कर्ष मांडला, आणि ब्राऊन-सेकारने स्वतःच १८९४ साली, ज्या वर्षी तो वारला, आपली मूळ उपपत्ती मागे घेतली. ज्याचं नाव या लक्षणसमूहाला आहे तो अखेरीस त्यावर ठाम नव्हता, हे मला विलक्षण वाटतं. निर्णायक पुरावा माणसातच मिळाला. १९०५ साली फिलाडेल्फियाच्या स्पिलरने एका रुग्णाची नोंद केली: वेदना व तापमान गेलेलं, स्पर्श शाबूत, आणि शवविच्छेदनात दोन्ही बाजूंच्या पुढच्या-पार्श्व भागांवर क्षयाच्या गाठी. त्याच्या आग्रहावरून एडवर्ड मार्टिनने असह्य वेदना असलेल्या रुग्णाचा नेमका तोच भाग कापला, आणि १९१२ साली दोघांनी ते प्रसिद्ध केलं. या शस्त्रक्रियेला कॉर्डोटॉमी म्हणतात. ती आजही विरुद्ध बाजूची वेदना घालवते आणि स्पर्श जवळजवळ तसाच ठेवते.

आता एक प्रश्न पूर्ण सोडवून पाहू. चाकूहल्ल्यानंतर तीन आठवड्यांनी रुग्णाची तपासणी केली. उजवा पाय कडक आणि कमजोर आहे, गुडघ्याचा व घोट्याचा प्रतिक्षेप वाढलेला, तळवा खरवडला की अंगठा वर जातो. उजव्या अंगठ्यावर ट्यूनिंग फोर्कचं कंपन कळत नाही, अंगठा वर केला की खाली तेही सांगता येत नाही. डाव्या बाजूला जांघेच्या थोडं वरपासून खाली टाचणी आणि गार-गरम कळत नाही. शिवाय बेंबीच्या पातळीवर उजव्या बाजूला एक अरुंद पट्टा आहे, जिथे कोणतीच संवेदना नाही. कापसाचा स्पर्श दोन्ही पायांना कळतो.

हालचाल आणि कंपन दोन्ही उजवीकडे गेलं. कॉर्टिकोस्पायनल मार्ग मेड्युलातच ओलांडून आलेला असतो, आणि मागच्या स्तंभातले तंतू मेड्युलापर्यंत न ओलांडता चढतात. म्हणून रज्जूत दोघेही उजव्याच बाजूला भेटतात. इजा उजवीकडे आहे. वेदनेचा मार्ग डावीकडून येऊन आधीच ओलांडलेला असतो, म्हणून उजवीकडच्या छेदाने डाव्या पायाची वेदना जाते. एवढं पाठ केलेल्या वाक्यानेही निघतं.

पातळीसाठी विद्यार्थी डाव्या बाजूची वेदनेची सीमा बघतात आणि टी१२ लिहितात. ते चूक आहे. वेदनेचा तंतू रज्जूत शिरल्या शिरल्या सरळ पलीकडे जात नाही. १८८५ साली लिसाउअरने वर्णन केलेल्या पट्ट्यातून तो आधी एक-दोन खंड वर सरकतो आणि मग ओलांडतो. टी१० वर उजवा भाग कापला तरी डाव्या टी१० आणि टी११चे काही तंतू छेदाच्या वर ओलांडून निसटतात. म्हणून डावी सीमा खरी पातळी सांगत नाही, ती एक-दोन खंड खाली दिसते. खरी पातळी सांगतो तो उजवीकडचा अरुंद पट्टा. तिथे आत शिरणारं मूळ आणि मागचं शिंगच नष्ट झालं, त्यामुळे सगळी संवेदना गेली. बेंबी म्हणजे टी१०. उत्तर: उजवा टी१०. आणि प्रश्न कण्याच्या मणक्याचा असेल तर आणखी जपा, कारण रज्जू कण्यापेक्षा आखूड असतो. टी१० खंड साधारण आठव्या वक्षीय मणक्याच्या आसपास असतो.

राहिला स्पर्श. सूक्ष्म स्पर्श, म्हणजे दोन टोकं वेगळी ओळखणं, मागच्या स्तंभातून त्याच बाजूने चढतो. ढोबळ स्पर्श त्याशिवाय पलीकडच्या स्पायनोथॅलॅमिक मार्गातूनही जातो. म्हणून एका बाजूचा छेद झाला तरी ढोबळ स्पर्शाला एक वाट मोकळी राहते, आणि कापूस दोन्ही पायांना कळतो. ‘स्पर्श गेला’ असा पर्याय दिसला की कोणता स्पर्श, हे आधी वाचावं. उजव्या बाजूची वाढलेली वेदना, जिच्यावर ब्राऊन-सेकारने इतका भर दिला होता, ती रुग्णांत कधी दिसते, कधी नाही. तिच्यावर उत्तर टेकवू नये.

आणि रुग्णाची तपासणी पहिल्याच दिवशी झाली असती तर उजवा पाय कडक दिसला नसता. स्पायनल शॉकमुळे तो लुळा, सैल आणि प्रतिक्षेपाविना असता, आणि कडकपणा नाही म्हणून कॉर्टिकोस्पायनल मार्ग शाबूत आहे असं लिहिणारा फसला असता. प्रश्नात दिलेले तीन आठवडे त्याचसाठी आहेत.