संपादकाची स्टाइल शीट आली कुठून?

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० साली प्राध्यापकांच्या बढतीसाठी गुणांकाची पद्धत आणली, आणि २०१८च्या नियमावलीत संपादित ग्रंथातल्या एका प्रकरणाला पाच गुण ठेवले. तेव्हापासून संपादित ग्रंथांना तोटा नाही. नाशिकसारख्या ठिकाणी द्राक्षावर काम करणाऱ्या प्राध्यापकाला ‘आमच्या ग्रंथासाठी एक चॅप्टर द्या’ अशी मेल येणं आता नवलाचं राहिलेलं नाही. होकार कळवला की दुसऱ्या मेलमध्ये स्टाइल शीट येते: मथळे असे द्या, संक्षेप असे वापरा, दुसरीकडून घेतलेल्या आकृत्यांच्या परवानग्या जोडा. वाचणाऱ्याला हे सगळं संपादकाच्या किरकिरीचं एकच खातं वाटतं. पण त्यातले पहिले दोन नियम छापखान्यातून आले आणि तिसरा कायद्यातून. पहिल्या दोनमधली चूक प्रुफात निस्तरता येते, तिसऱ्यातली नाही.

छापखान्यापासून सुरुवात करू. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या छापखान्याचे प्रमुख होरेस हार्ट यांनी १८९३ मध्ये आपल्या खिळे जुळवणाऱ्यांसाठी आणि प्रुफं तपासणाऱ्यांसाठी काही नियम छापून घेतले. बाहेरच्यांना ते विकत मिळायला १९०४ उजाडलं. शिकागो विद्यापीठाच्या प्रेसमध्येही १८९०च्या दशकात एका कागदावर मावतील एवढे नियम लिहून काढले गेले आणि १९०६ मध्ये त्यांचं पुस्तक झालं. दोन्हीकडची अडचण एकच होती. प्रत्येक लेखकाच्या हस्तलिखिताची तऱ्हा निराळी, आणि एकदा जुळवलेले खिळे पुन्हा हलवायचे म्हणजे मजुरी वाया. हे नियम कामगारांसाठी होते, हे विसरू नये. लेखकाने वाटेल तसं लिहून द्यावं, त्याला सरळ करणारी माणसं प्रेसमध्ये पगारावर होती. पुढच्या शंभर वर्षांत ती माणसं कमी होत गेली आणि त्यांचं काम लेखकाच्या टेबलावर येऊन पडलं. आज येणारी स्टाइल शीट म्हणजे तेच काम.

मथळ्यांचं बघा. पूर्वी संपादन करणारा माणूस हस्तलिखिताच्या समासात पेन्सिलीने ए, बी, सी अशी अक्षरं टाकायचा. ए म्हणजे सर्वांत मोठा मथळा, बी त्याच्या पोटातला, सी त्याच्याही पोटातला. कोणत्या अक्षराला कोणता टाइप हे छापखान्याला ठाऊक असे. आता तीच खूण लेखकाने वर्डमधल्या ‘Heading 1’, ‘Heading 2’, ‘Heading 3’ या स्टाइल लावून करायची असते. बरेच जण ओळ ठळक करतात, अक्षर मोठं करतात आणि पुढे जातात. डोळ्याला मथळा दिसतो, पण फाइल जेव्हा प्रकाशकाच्या यंत्रणेत जाते तेव्हा ती ओळ साधा परिच्छेद ठरते आणि अनुक्रमातून गळते. तपासायला अर्धं मिनिट पुरतं: ‘View’मध्ये जाऊन ‘Navigation Pane’ उघडा. प्रकरणाचा सांगाडा तिथे नीट दिसला तर ठीक. रिकामं दिसलं, तर मथळे नुसतेच रंगवलेले आहेत. तीन पातळ्यांच्या खाली जाऊ नका असं बहुतेक संपादक सांगतात. चौथ्या पातळीची गरज पडते तेव्हा बहुधा मांडणीच गुंतलेली असते, असं माझं मत.

संक्षेपांचा नियम इतका जुना नाही. निदान त्याची आजची कडक धार तरी नाही. छापील ग्रंथात सुरुवातीला संक्षेपांची एक यादी दिली की सगळ्यांचं भागे. १९९०च्या दशकात प्रकाशकांनी ग्रंथ ऑनलाइन आणले, २०००मध्ये क्रॉसरेफ ही प्रकाशकांची नोंदणी संस्था सुरू झाली, आणि हळूहळू प्रत्येक प्रकरणाला स्वतःचा डीओआय, म्हणजे ऑनलाइन कायमचा ओळख क्रमांक, मिळू लागला. प्रकरण सुटं विकलं जाऊ लागलं. ते विकत घेणाऱ्याच्या हाती ग्रंथाची यादी नसतेच. म्हणून संक्षेप प्रत्येक प्रकरणात पहिल्यांदा येईल तिथे पूर्ण लिहायचा, गोषवाऱ्यात वेगळा आणि मजकुरात पुन्हा वेगळा, कारण गोषवाराही सुटा फिरतो. मथळ्यात आणि प्रकरणाच्या नावात तो शक्यतो नकोच.

द्राक्षाच्या ग्रंथात याची गंमत होते. निफाड-दिंडोरीच्या बागाईतदाराला ‘जीए’ म्हटलं की जिबरेलिक ॲसिड कळतं, घडांची लांबी आणि मण्यांची फुगवण कळते. फोडून सांगणं त्याला विचित्रच वाटेल. पण वाचक तिकडे चिलीतला असू शकतो. त्याहून अवघड ‘डीएम’. रोगांवर लिहिणारा त्याने डाऊनी मिल्ड्यू, म्हणजे आपला केवडा, सुचवतो. त्याच ग्रंथात खतांवर लिहिणाऱ्याचा डीएम म्हणजे ड्राय मॅटर. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात. सूचीत मात्र दोघं एकाच नोंदीखाली गोळा होतात, आणि संपादकाला एकाचा संक्षेप काढून टाकावा लागतो. प्रकरणात एखादी संज्ञा दोन-तीनदाच येणार असेल तर संक्षेप करूच नये, हा साधा उपाय.

आता आकृत्या. ग्रंथ छापायला निघता निघता अडतो तो बहुधा इथे.

भारताचा कॉपीराइट कायदा १९५७चा, अमलात आला जानेवारी १९५८ मध्ये. त्यात ‘कलाकृती’च्या व्याख्येतच आकृती, नकाशा आणि तक्ता येतात, चित्रकाराच्या चित्राला जे संरक्षण तेच रोगचक्राच्या रेखाटनाला. लेखकाच्या हयातीनंतर पूर्वी पन्नास वर्षं हक्क राहत असे, १९९२च्या दुरुस्तीने ती साठ झाली. अभ्यास, टीका, समीक्षा यांसाठी कलम ५२ सूट देतं, पण विक्रीला असलेल्या ग्रंथात पूर्ण आकृती जशीच्या तशी छापण्यासाठी त्या सुटीवर भिस्त ठेवायला प्रकाशक तयार नसतात. म्हणून ते लेखी परवानगी मागतात. आपल्याकडच्या गौरवग्रंथांत आणि स्मरणिकांत चित्राखाली ‘साभार’ लिहून मोकळं होण्याची रीत आहे. त्याने सौजन्य दिसतं, परवानगी सिद्ध होत नाही.

एक प्रकरण कल्पू: नाशिकच्या द्राक्षबागांतला केवडा. लेखिकेला चार आकृत्या हव्या आहेत.

पहिली, जिल्ह्याचा जुना नकाशा, मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या १८८३च्या नाशिक खंडातला असं धरू. सरकारी प्रकाशनाचा हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षं, म्हणजे तो कधीच संपला. तरी स्कॅन ज्या ग्रंथालयाकडून घेतला त्याच्या अटी बघायच्या. हक्क संपला तरी संस्थेशी झालेला करार लागू राहू शकतो.

दुसरी, तिने स्वतः काढलेला पानांवरच्या तेलकट डागांचा फोटो, जो आधी एका नियतकालिकात आला होता. इथे हमखास घोटाळा होतो. ‘फोटो माझाच आहे’ हे खरं, पण लेख छापताना तिने हक्क हस्तांतराच्या फॉर्मवर सही केली असेल तर मालक प्रकाशक झाला. तो जुना फॉर्म शोधून वाचायला हवा. बरेच प्रकाशक लेखकाला स्वतःची आकृती पुन्हा वापरण्याची मुभा त्यातच देतात, मग उल्लेख पुरतो. मुभा नसेल तर विचारावं लागेल, किंवा त्याच दिवशी काढलेला दुसरा, न छापलेला फोटो वापरावा. तो पर्याय सर्वांत स्वस्त.

तिसरी आकृती रोगचक्राची, आणि खरा पेच तिचा. ती एका मुक्त प्रवेशाच्या आढावा लेखात सापडली, लेखावर CC BYचा शिक्का. क्रिएटिव्ह कॉमन्सचे हे परवाने २००२च्या अखेरीस आले आणि श्रेय दिलं की वापरा, इतकं काम सोपं झालं. पण आकृतीची तळटीप नीट वाचली तर तिथे लिहिलेलं असतं: अमक्या पुस्तकातून, परवानगीने. आढावा लेखकाने ती उसनी आणली होती. लेखाचा शिक्का उसन्या मालाला लागत नाही; परवाना मूळ पुस्तकाच्या प्रकाशकाकडूनच घ्यावा लागतो. मूळ पुस्तकातही ‘अमक्यावरून’ असं असेल तर आणखी एक पायरी मागे. साखळीचं टोक लागेपर्यंत मागे जायचं.

टोकाला मोठा प्रकाशक निघाला तर त्याच्या पानावर परवानगीची लिंक असते आणि ती बहुधा कॉपीराइट क्लिअरन्स सेंटरच्या राइट्सलिंकवर नेते. फॉर्ममध्ये वापर कशासाठी, छापील की इलेक्ट्रॉनिक की दोन्ही, आकृत्या किती, भाषांतर होणार का, असे प्रश्न येतात. घाईत ‘प्रबंधासाठी’ निवडलं तर शुल्क शून्य दिसतं आणि परवानाही मिळतो, पण तो ग्रंथाला चालत नाही. फक्त छापीलचा घेतला तर ई-पुस्तकातून आकृती काढावी लागते. काही वैज्ञानिक प्रकाशकांनी आपसात ठरवलेल्या एसटीएम मार्गदर्शक तत्त्वांमुळे एका लेखातल्या तीन आकृत्यांपर्यंत शुल्क लागत नाही. मात्र दोन्ही प्रकाशक त्यात सामील असायला हवेत, आणि काहींना तरी कळवावं लागतंच.

शुल्क परवडत नसेल तर नव्याने रेखाटन करायचं, असं सगळे सुचवतात. यातही मेख आहे. जुन्या आकृतीवर ट्रेसिंग करून रंग बदलले, बाण वळवले, तर ते रूपांतर झालं आणि त्यालाही परवानगी लागते. रोगाचे टप्पे मात्र कोणाच्या मालकीचे नाहीत: गळलेल्या पानांत टिकणारे सुप्त बीजाणू, पावसाने उडून पानावर येणारे बीजाणू, पानामागची पांढरी लव. हे टप्पे लेखांतून वाचून, जुनी आकृती बाजूला ठेवून, नाशिकच्या फळछाटणीचा महिना मध्ये धरून स्वतःचं चक्र काढलं तर ते लेखिकेचं. माहितीचा संदर्भ द्यायचा, परवानगी लागत नाही.

चौथी आकृती आलेखाची आहे आणि तोच न्याय तिला लागतो. आकडे घेऊन नवा आलेख काढावा, तक्त्याचा फोटो चिकटवू नये.

संपादक परवानग्यांचं जे कोष्टक मागतो त्यात आकृतीचा क्रमांक, मूळ स्रोत, हक्क कोणाचा, परवाना क्रमांक आणि श्रेयओळ एवढे रकाने असतात. श्रेयओळ परवान्यात जशी दिली असेल तशीच, एक स्वल्पविरामही न बदलता, आकृतीखाली जायला हवी. इथे स्टाइल शीटपेक्षा परवाना वरचढ. परवान्याची पीडीएफ स्वतःकडेही ठेवावी. त्याच ग्रंथाची उद्या मराठी आवृत्ती निघाली आणि फॉर्ममध्ये भाषांतराला ‘नाही’ म्हटलेलं असलं, तर त्या आकृतीसाठी पुन्हा अर्ज करावा लागतो.