रिपोर्ट नॉर्मल आले, मग छातीत धडधडतं कशानं?

"मॅडम, म्हणजे मी नाटक करते, असंच ना?"

प्लॅस्टिकच्या पिशवीतून एकेक कागद काढून तिनं माझ्या, म्हणजे समुपदेशकाच्या, टेबलावर मांडला. तीन ईसीजी, दोनदा केलेली थायरॉइडची तपासणी, हिमोग्लोबिन, साखर, छातीचा एक्स-रे. सगळे नॉर्मल. चाळिशीतली ही बाई तालुक्याच्या गावाजवळ राहते. तिची ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत.

पहिला प्रसंग एसटीत घडला होता. बाजारचा दिवस, गाडी खचाखच भरलेली. अचानक हवा पुरेना, छाती धडधडू लागली, बोटांना मुंग्या आल्या, ओठ बधिर झाले आणि मनात एकच विचार, 'आता मी जाते.' दवाखान्यात नेईपर्यंत सगळं ओसरलं होतं. "काही नाही, टेन्शन घेऊ नका," एवढंच ऐकून ती घरी आली. पुढच्या सहा महिन्यांत असं आणखी चारदा झालं. सासूबाई म्हणाल्या, बाहेरचं असेल, दृष्ट काढू. दीर म्हणाले, कामाचा कंटाळा. आणि ऐकून ऐकून तिलाही वाटू लागलं, की आपणच सोंग करतो की काय.

'काही नाही' हा शब्द मला फार लागतो. त्या तपासणीत बिघाड सापडला नाही, एवढंच रिपोर्ट सांगतो. शरीरात काही घडलंच नाही, असं तो म्हणत नाही. तिच्या शरीरात त्या वेळी पुष्कळ काही घडत होतं, आणि ते मोजता येण्यासारखं होतं.

धोका जाणवला की मेंदू इशारा देतो आणि मूत्रपिंडांवरच्या छोट्या ग्रंथींतून ॲड्रिनलिन रक्तात उतरतं. नाडी वाढते, घाम फुटतो, पचन मंदावतं, श्वास जोरात चालू लागतो. समोर साप असेल तर हीच तयारी जीव वाचवते. एसटीत साप नसतो, पण मेंदूची ही यंत्रणा आधी इशारा देते आणि मग खातरजमा करते. आदल्या काही महिन्यांत तिच्या घरात कर्जाचे हप्ते थकले होते, मुलगा शिकायला लांब गेला होता आणि झोप चार तासांवर आली होती. अशा दिवसांत ही यंत्रणा जरा जास्तच हळवी होते.

मुंग्यांचं गणित मात्र वेगळं आहे आणि ते समजलं की बरीच भीती उतरते. जोरजोरात श्वास घेतल्यानं ऑक्सिजन फारसा वाढत नाही, तो आधीच पुरेसा असतो. पण उच्छ्वासातून कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतो. त्यामुळे रक्त किंचित अल्कधर्मी होतं, त्यातलं मोकळं कॅल्शियम थोडं घटतं आणि नसा चटकन चाळवतात. म्हणून बोटांना मुंग्या येतात, ओठ बधिर होतात. मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या काहीशा आकुंचन पावतात, म्हणून गरगरतं. म्हणजे हवा कमी पडते असं वाटत असताना खरं तर श्वास जास्त झालेला असतो. ती आणखी जोरात श्वास घेते, मुंग्या आणखी वाढतात, आणि त्या मुंग्यांचीच भीती वाटून ॲड्रिनलिन पुन्हा वाढतं. हे चक्र काही मिनिटांत टोकाला पोहोचतं आणि मग आपोआप ओसरतं.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगते. छातीत पहिल्यांदाच दुखत असेल, दुखणं हातात किंवा जबड्यात जात असेल, चक्कर येऊन पडायला झालं असेल, तर आधी डॉक्टर, गरज पडली तर 108. लेख वाचून 'हे मनाचंच' असं कुणी ठरवू नये. थायरॉइड, रक्त कमी असणं, हृदयाच्या ठोक्यांतली गडबड यांनीही असंच होतं. बायकांमध्ये हृदयविकार नेहमीच्या लक्षणांनी येईलच असं नाही. तिच्या बाबतीत ही तपासणी पूर्ण झाली होती, म्हणून पुढचं पाऊल टाकता आलं.

दुसऱ्या भेटीत, तिच्या डॉक्टरांना विचारून, आम्ही एक साधी गोष्ट केली. खुर्चीत बसल्यावर तिची नाडी मोजली तर 84. मग दवाखान्याचे दोन जिने भरभर चढायला लावले. नाडी 126 झाली. "हीच धडधड ना?" मी विचारलं. ती थबकली. "हो मॅडम. पण भीती नाही वाटली." दोन-तीन मिनिटांत नाडी पुन्हा नव्वदीत आली. तीच धडधड जिन्यात कामाची वाटते आणि एसटीत मरणाची, हे तिच्या स्वतःच्या मनगटावर तिला कळलं. माझ्या दहा वाक्यांनी ते झालं नसतं.

मनगटाचीच आणखी एक गंमत तुम्हीही बघू शकता. नाडीवर बोट ठेवून सावकाश श्वास घ्या आणि त्याहून सावकाश सोडा. घेताना ठोके किंचित जलद पडतात, सोडताना मंदावतात. बऱ्याच जणांना हा फरक बोटाला जाणवतो. उच्छ्वासाच्या वेळी मेंदूपासून हृदयाकडे जाणारी व्हेगस ही नस ठोक्यांना लगाम घालते. म्हणून चार मोजेपर्यंत श्वास आत, सहा मोजेपर्यंत बाहेर, हा सराव उपयोगी पडतो. तो बरं वाटत असताना रोज पाच मिनिटं करायचा, ऐन घाबरल्यावर पहिल्यांदा करून बघितला तर जमत नाही. कागदी पिशवीत श्वास घेण्याचा जुना उपाय मात्र करू नये, खरोखर दम लागलेल्या माणसाला तो धोक्याचा ठरतो.

खरं काम एसटीचं होतं. तिनं गाडीत बसणं सोडलं होतं, त्यामुळे माहेर सुटलं, बाजार सुटला. टाळलं की त्या क्षणी बरं वाटतं आणि मेंदू शिकतो की 'टाळलं म्हणून वाचलो.' आम्ही पायऱ्या ठरवल्या. आधी थांब्यावर नुसतं बसायचं, मग पुतणीबरोबर एक थांबा, मग एकटीनं. तिसऱ्या पायरीवर ती अडली, दोन आठवडे मागे आली, पुन्हा चढली. या दरम्यान ती मानसोपचारतज्ज्ञांनाही भेटली, कारण आजार आहे का, कोणता आणि औषध लागेल का, हे ते ठरवतात. समुपदेशक औषध देत नाही. त्यांनी लिहून दिलेल्या गोळ्यांचा गुण दिसायला काही आठवडे लागतात आणि त्या मनानं बंद करायच्या नसतात, हे तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

'वेडी ठरवतील' ही तिची सगळ्यात मोठी भीती होती. मानसोपचाराच्या पाटीखाली रांगेत उभं राहायला नको म्हणून ती आधी दोनदा केस पेपर काढून परत गेली होती. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं उपचारांची माहिती गुप्त राहण्याचा हक्क तिला दिलेला आहे.

जिल्हा रुग्णालयात, म्हणजे आपल्या सिव्हिलमध्ये, मानसोपचाराची ओपीडी असते. तिथवर जाणं आज शक्य नसेल तर टेलिमानस ही सरकारी सेवा आहे, क्रमांक 14416. ऑक्टोबर 2022 पासून ती सुरू आहे, मोफत आहे, चोवीस तास आहे आणि मराठीत बोलता येतं. जगणं नको वाटत असेल तर उद्याची वाट न बघता आत्ताच तिथे फोन करा आणि घरातल्या एखाद्या माणसाला जवळ बसवून घ्या. जीवावर बेतण्यासारखं वाटत असेल तर 112.

फोन लागल्यावर काय बोलायचं, असं मला पुष्कळ जण विचारतात. आजाराचं नाव सांगावं लागत नाही. "मला हल्ली छातीत धडधडतं, रिपोर्ट नॉर्मल आहेत, आणि कुणाशी बोलावं ते कळत नाही." एवढं म्हटलं तरी पुढचे प्रश्न समोरचा माणूस विचारतो.