दहा मिनिटांच्या रिकाम्या जागेतून

१९४८ साली कोलंबिया कंपनीने एलपी ही लांब वाजणारी तबकडी बाजारात आणली आणि तिच्या एका बाजूवर वीसेक मिनिटांचं संगीत मावू लागलं. रॉकला मात्र या जागेचं बरीच वर्षं काय करावं ते कळत नव्हतं. त्याचा श्रोता तरुण. तो तीन मिनिटांच्या गाण्याची छोटी रेकॉर्ड घ्यायचा. एलपीवर दोन-तीन गाजलेली गाणी आणि बाकी भरणा.

१९६७चा बीटल्सचा 'सार्जंट पेपर' हा पहिला कन्सेप्ट अल्बम, म्हणजे सगळी गाणी एकाच कल्पनेत ओवलेला अल्बम, असं सर्रास म्हटलं जातं. मला ते पटत नाही. काल्पनिक बँडची कल्पना सुरुवातीला येते, शेवटाकडे पुन्हा डोकावते; मधली गाणी दुसऱ्या अल्बममध्येही खपली असती. आपल्या गाण्यांचा त्या कल्पनेशी संबंध नाही, असं बीटल्समधल्या जॉन लेनननेच सांगितलं होतं.

गाण्यांतून सलग गोष्ट सांगण्याचा धागा 'द हू' या ब्रिटिश रॉक बँडकडे जास्त स्पष्ट दिसतो, आणि त्याची सुरुवात अगदी व्यवहारी आहे. १९६६मध्ये त्यांच्या दुसऱ्या अल्बमला दहाएक मिनिटं कमी पडत होती. मॅनेजर किट लॅम्बर्ट हा कॉन्स्टंट लॅम्बर्ट या ब्रिटिश संगीतकाराचा मुलगा. त्याने बँडचा गिटारवादक आणि गीतकार पीट टाउनशेंडला सुचवलं, तुकडे जोडून एकच लांब गोष्ट रच. त्यातून नऊ मिनिटांची छोटी ऑपेरा झाली: प्रियकर परगावी, बाई एका इंजिन ड्रायव्हरच्या नादी लागते, शेवटी सगळ्यांना माफी.

१९६९च्या 'टॉमी' या अल्बममध्ये हीच युक्ती दोन रेकॉर्डभर पसरली. मधल्या काळात टाउनशेंड मेहेरबाबांचा अनुयायी झाला होता. पुण्यात जन्मलेले आणि नगरजवळच्या आश्रमात राहणारे मेहेरबाबा १९२५पासून मौनात होते. अल्बमचं काम चालू असतानाच, जानेवारी १९६९मध्ये, ते गेले. कव्हरवर त्यांचं नाव 'अवतार' म्हणून आहे. टॉमी हा धक्क्याने आंधळा, बहिरा, मुका झालेला मुलगा, त्यामुळे त्याच्या आतलं सारं संगीतालाच सांगावं लागतं. 'मला बघा, मला स्पर्श करा' अशी त्याची आर्त ओळ नाताळच्या गाण्यात प्रथम येते, डॉक्टरच्या प्रसंगात पुन्हा, आणि पुढे टॉमीला गुरू मानणारे अनुयायी त्याच्यावर उलटल्यावर अखेरीस. सूर तेच, प्रसंग बदललेला. नुसत्या एका विषयावरच्या गाण्यांना हे साधत नाही.

दोषही आहेत. ज्या खुनाने मुलाची ही अवस्था होते, तो शब्दांत नीट सांगितलेलाच नाही. नुसतं ऐकून कथा उलगडत नाही. सगळ्यांत गाजलेलं 'पिनबॉल विझर्ड' हे गाणं तर उशिरा घुसवलेलं. कच्चं काम ऐकून समीक्षक निक कोन थंड राहिला, त्याला पिनबॉल या यंत्रावरच्या गोळीच्या खेळाचं वेड, म्हणून टाउनशेंडने नायकालाच त्या खेळाचा बादशहा केलं. जून १९७०मध्ये हीच गाणी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउसमध्ये वाजली.